वर्गणी रद्द केल्यावर पुढचे पैसे नेमके कधीपासून कापले जात नाहीत?

माझ्या एका मैत्रिणीने एका पॉडकास्ट करणाऱ्या क्रिएटरला दरमहा ठरावीक रक्कम द्यायला ३१ जानेवारीला सुरुवात केली. कार्डाच्या स्टेटमेंटवर ही रक्कम पहिल्यांदा २ फेब्रुवारीला दिसली, मग २ मार्चला आणि त्यानंतर २ एप्रिलला. त्यामुळे महिन्याची २ तारीख हीच आपली पैसे कापले जाण्याची तारीख आहे, असे तिने गृहीत धरले. एप्रिलच्या अखेरीस तिने हे पाठबळ थांबवायचे ठरवले, हाती अजून एक दिवस आहे असे समजून १ मेच्या सकाळी सदस्यत्व रद्द केले आणि २ मेला स्टेटमेंट उघडले, तर तीच रक्कम पुन्हा एकदा कापलेली होती. रद्द केल्यानंतरही पैसे घेतले गेले, ही सरळसरळ फसवणूक आहे, असे तिला वाटले आणि ती बँकेकडे तक्रार करायला निघाली होती. तिने आधी मला फोन केला, म्हणून आम्ही दोघींनी बसून तारखा जुळवल्या. त्या जुळवताना जे उलगडले, तेच या लेखात सविस्तर मांडते आहे, कारण नेमक्या याच ठिकाणी पुष्कळ लोक चुकतात आणि त्यांचा एक महिन्याचा हप्ता नाहक जातो.

तिच्या बाबतीत पैसे २ मेला कापलेच गेले नव्हते. ते ३० एप्रिलला कापले गेले होते, म्हणजे तिने रद्द करण्याच्या आदल्या दिवशी. स्टेटमेंटवर दिसणारी तारीख ही बँकेने व्यवहार खात्यात पक्का नोंदवल्याची तारीख असते. प्रत्यक्ष मागणी त्याआधी एक, दोन, कधी तीन दिवसही झालेली असू शकते. मधल्या काळात तो व्यवहार प्रलंबित म्हणून उभा असतो आणि अनेकांच्या स्टेटमेंटमध्ये तो पक्का होईपर्यंत दिसतच नाही. तिचे चक्र ३१ तारखेला सुरू झाले होते. फेब्रुवारीत ३१ तारीख नसल्यामुळे दुसरा हप्ता महिन्याच्या शेवटच्या दिवशी, २८ फेब्रुवारीला घेतला गेला. तिसरा हप्ता ३१ मार्चला गेला. एप्रिल तीस दिवसांचा असल्यामुळे चौथा हप्ता ३० एप्रिलला गेला. प्रत्येक वेळी नोंद व्हायला दोन दिवस लागले, आणि योगायोगाने चारही वेळा स्टेटमेंटवर महिन्याची २ तारीखच उमटली. इतका सुबक योगायोग रोज घडत नाही, पण त्यामागची गल्लत मात्र नेहमीची आहे: आपल्याला दिसणारी तारीख बँकेची असते, आणि आपल्याला लागणारी तारीख चक्राची असते.

चक्राची तारीख कुठे शोधायची, हा म्हणून पहिला प्रश्न. ती स्टेटमेंटमध्ये शोधू नये. सदस्यत्व घेतले त्या दिवशी आलेल्या पावतीच्या ईमेलमध्ये ती असते, आणि त्याहून खात्रीची जागा म्हणजे ज्या ठिकाणी पैसे भरले जातात तिथल्या सदस्यत्वाच्या पानावरची पुढील आकारणीची ओळ. पहिल्या पावतीचा दिवस हा चक्राचा नांगर असतो आणि पुढचे सगळे हप्ते त्याला बांधलेले असतात. लहान महिन्यात तो दिवस उपलब्ध नसेल, तर हप्ता त्या महिन्याच्या अखेरीस येतो, आणि पुढच्या मोठ्या महिन्यात पुन्हा मूळ तारखेवर जातो. म्हणून महिन्याच्या ३१ तारखेला सदस्य झालेल्या माणसाची आकारणीची तारीख वर्षभर पुढेमागे सरकत राहते, आणि २९ किंवा ३० तारखेला सदस्य झालेल्याची फेब्रुवारीत सरकू शकते. यात कोणी लबाडी केलेली नसते, पण ज्याने दर महिन्याला एकच तारीख डोक्यात ठेवली आहे, तो हमखास फसतो.

या नांगराला तारखेबरोबर तासही असतो, आणि ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. क्रिएटरांच्या अनेक मंचांमागे पैसे गोळा करण्याचे काम स्ट्राइपसारखी सेवा करते. अशा सेवेत चक्राची नोंद सेकंदापर्यंत ठेवलेली असते, आणि ती जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे UTC मध्ये असते. आपले घड्याळ प्रमाणवेळेच्या कित्येक तास पुढे असेल आणि आपण १ तारखेच्या पहाटे सदस्यत्व घेतले असेल, तर तिकडच्या नोंदीत आपण आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सदस्य झालेलो असतो. उलट आपले घड्याळ मागे असेल, तर आपल्या रात्री अकरा वाजता तिकडे दुसऱ्या दिवसाची तारीख लागलेली असते. शिवाय स्ट्राइपमध्ये नूतनीकरणाचे बिल आधी मसुद्याच्या रूपात तयार होते आणि साधारण तासाभराने पक्के होऊन मग कार्डाकडे पैसे मागितले जातात. त्यामुळे अजून पैसे कापल्याचा संदेश आला नाही, म्हणजे अजून वेळ आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. पैसे हलण्याआधीच नवा महिना सुरू झालेला असतो, बिलही तयार झालेले असते, आणि त्या तासात दाबलेले रद्द करण्याचे बटण बहुधा त्याच्या पुढच्या महिन्यालाच लागू होते. मी स्वतः म्हणूनच चक्राच्या तारखेच्या किमान दोन पूर्ण दिवस आधी रद्द करते. घड्याळांची ही सगळी गुंतागुंत त्या दोन दिवसांत सहज सामावते, आणि पुढे दिसेल तसे आणखी एक कारणही त्याने आपोआप सांभाळले जाते.

तीन प्रकारची चक्रे

आतापर्यंत सांगितले ते सदस्य होण्याच्या दिवसाला बांधलेल्या चक्राबद्दल. आज बहुतेक ठिकाणी हाच प्रकार आढळतो. परंतु क्रिएटरांना मासिक पाठबळ देण्याची पद्धत ज्या पेट्रिऑनने २०१३ पासून लोकांच्या अंगवळणी पाडली, तिथे दीर्घकाळ निराळा प्रकार चालत असे, आणि त्याची सवय लागलेल्या लोकांना नवा प्रकार गोंधळात टाकतो. जुन्या पद्धतीत सगळ्यांचे पैसे महिन्याच्या १ तारखेला एकदम घेतले जात. आपण पाच क्रिएटरांना पाठबळ देत असलो, तर पाचांची मिळून एकच रक्कम कार्डावर दिसे. त्यामुळे त्यांतल्या एकाचे पाठबळ थांबवले की स्टेटमेंटवरची नोंद नाहीशी होत नसे, फक्त तिचा आकडा कमी होत असे. जी व्यक्ती नोंदीकडे पाहते आणि आकड्याकडे पाहत नाही, तिला रद्द झालेच नाही असे वाटणे स्वाभाविक होते.

या १ तारखेच्या पद्धतीचे आणखी एक वैशिष्ट्य होते, आणि त्यातून झालेल्या तक्रारी आजही लोकांच्या लक्षात आहेत. ज्या क्रिएटरने सदस्य होतानाच पैसे घेण्याचा पर्याय निवडलेला असे, त्याच्याकडे महिन्याच्या २८ तारखेला सदस्य होणाऱ्याचे पैसे त्या दिवशी जात आणि लगेच १ तारखेला पुन्हा जात. चार दिवसांत दोनदा पैसे कापले गेले, तर कोणालाही ती चूक वाटेल. हिशेबाच्या दृष्टीने मात्र पहिली रक्कम संपत आलेल्या महिन्याची होती आणि दुसरी नव्या महिन्याची. माझ्या मते ही व्यवस्था सदस्याच्या दृष्टीने अन्यायाची होती, आणि सदस्य होण्याच्या दिवसाला बांधलेले चक्र त्यापेक्षा कितीतरी न्याय्य आहे, कारण त्यात भरलेल्या प्रत्येक रकमेमागे पुरा महिना मिळतो.

आपले चक्र यांपैकी कोणते, हे ओळखायला पावत्या पुरतात. सलग तीन पावत्यांवरची तारीख १ असेल आणि आपण सदस्य झालो तो दिवस वेगळा असेल, तर चक्र महिन्याच्या पहिल्या दिवसाचे आहे. पावत्यांची तारीख आपल्या सदस्य होण्याच्या दिवसाशी जुळत असेल, तर चक्र त्या दिवसाला बांधलेले आहे. तिसरा एक प्रकार कलाकृतीगणिक आकारणीचा असतो, ज्यात क्रिएटरने त्या महिन्यात जितक्या गोष्टी प्रसिद्ध केल्या, त्यानुसार रक्कम बदलते. तिथे कमाल मर्यादा आपण आधी ठरवली होती की नाही, हे रद्द करण्याच्या दिवशी एकदा पाहून घ्यावे, कारण आधीच प्रसिद्ध झालेल्या गोष्टींचे पैसे देणे लागते का, हे त्या मंचाच्या नियमावर अवलंबून असते आणि तो नियम रद्द करण्याच्या पानावरच लिहिलेला असतो.

पैसे कोणाच्या खिडकीवर भरले होते?

रद्द करण्याचे बटण कुठे आहे, हे क्रिएटर कोण आहे यावर ठरत नाही. आपण पहिल्यांदा पैसे कोणत्या खिडकीवर भरले, यावर ते ठरते. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळ याच गोष्टीत वाया जातो. एकाच क्रिएटरचे एकच सदस्यत्व तीन जणांनी घेतले असेल, एकाने संगणकावरच्या ब्राउझरमधून, दुसऱ्याने आयफोनवरच्या ॲपमधून आणि तिसऱ्याने पेपॅलचा पर्याय निवडून, तर वसुली करणारे तिघांसाठी वेगवेगळे असू शकतात. पहिल्याचे पैसे तो मंच स्वतः घेतो. दुसऱ्याचे ॲपल घेते आणि मग मंचाला देते. तिसऱ्याच्या बाबतीत पेपॅलकडे एक कायमची परवानगी दिलेली असते. वसूल करणाऱ्याकडेच रद्द करावे लागते, आणि चुकीच्या खिडकीवर कितीही शोधले, तरी तिथे बटण सापडत नाही किंवा सापडलेले बटण पैसे थांबवत नाही.

खिडकी ओळखण्याचा सर्वांत सोपा मार्ग स्टेटमेंटमधूनच जातो. तारखेच्या बाबतीत स्टेटमेंटवर विसंबू नये असे मी वर म्हटले, पण नावाच्या बाबतीत ते विश्वासार्ह असते. नोंदीत `APPLE.COM/BILL` असेल, तर ॲपलच्या सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टिचकी मारून Subscriptions उघडावे लागते. नोंद `GOOGLE` या शब्दाने सुरू होत असेल, तर बहुधा प्ले स्टोअरमधल्या सदस्यत्वांच्या यादीत जावे लागते. मात्र यूट्यूबवरच्या एखाद्या वाहिनीचे सदस्यत्व ब्राउझरमधून घेतले असेल, तर ते यूट्यूबच्याच सशुल्क सदस्यत्वांच्या पानावर, `youtube.com/paid_memberships` इथे, सापडते. नोंद `PAYPAL` ने सुरू होत असेल, तर पेपॅलच्या स्वयंचलित देयकांच्या यादीत ती परवानगी दिसते. या तिन्हींपैकी काहीच नसून मंचाचेच नाव असेल, तर मंचाच्या खात्यातले सदस्यत्वाचे पान हीच योग्य जागा. को-फीसारख्या मंचांवर पैसे मंचाकडे न थांबता पेपॅल किंवा स्ट्राइपमार्गे थेट क्रिएटरच्या खात्यात जातात, त्यामुळे तिथे ही तपासणी विशेष गरजेची ठरते.

ॲपस्टोअरच्या खिडकीचा एक नियम वेगळा आहे आणि दोन दिवस आधी रद्द करण्याचा जो आग्रह मी वर धरला, त्याचे दुसरे कारण हेच. ॲपलच्या व्यवस्थेत पुढच्या महिन्याचे पैसे चालू महिना संपण्याआधीच्या चोवीस तासांत घेतले जाऊ शकतात. म्हणून नूतनीकरणाच्या तारखेच्या किमान एक दिवस आधी रद्द करावे, असे तिथे सांगितलेले असते. नूतनीकरणाची तारीख १५ असेल, तर १४ तारखेच्या दुपारी रद्द करणारा माणूस आपण मुदतीत रद्द केले असे समजत असतो, पण त्याच्या आधीच पैसे मागितले गेलेले असू शकतात. पेपॅलवरही नियोजित तारखेच्या आदल्या दिवसापर्यंतच रद्द करण्याची मुदत असते. तारीख उजाडल्यावर केलेले रद्द त्या दिवसाच्या हप्त्याला अडवेल असे धरून चालू नये.

बटण दाबल्यानंतर पडद्यावर काय बदलते

योग्य पान सापडले आणि रद्द करण्याचे बटण दाबले, म्हणजे काम झाले असे नाही, कारण बहुतेक ठिकाणी पहिले बटण फक्त प्रक्रियेची सुरुवात करते. त्यानंतर थांबवण्याचे कारण विचारणारी एक छोटी प्रश्नावली येते. काही ठिकाणी त्याच्या पुढे कमी रकमेच्या श्रेणीत जाण्याचा किंवा काही काळ विराम घेण्याचा प्रस्ताव येतो, आणि तो पर्याय मोठ्या, रंगीत बटणावर असतो, तर पुढे जाऊन रद्द करण्याचा पर्याय खाली बारीक अक्षरांत असतो. इथे घाईने मोठे बटण दाबले गेले, तर सदस्यत्व रद्द होण्याऐवजी एका महिन्यासाठी थांबते आणि त्यानंतर आपोआप पुन्हा सुरू होते. ज्यांना एक महिना शांततेत गेल्यावर अचानक पुन्हा पैसे कापलेले दिसतात, त्यांच्यातले बरेच जण या विरामाच्या पर्यायावर थांबलेले असतात. प्रश्नावलीत काहीही उत्तर दिले, तरी आकारणीच्या तारखेवर त्याचा परिणाम होत नाही. तरीही क्रिएटरबद्दल राग नसेल, तर खरे कारण लिहावे असे मला वाटते, कारण ते वाचणारा बहुधा तो क्रिएटरच असतो.

शेवटच्या टप्प्यानंतर त्याच पानावर परत जाऊन एकच ओळ वाचायची असते. रद्द होण्यापूर्वी ती ओळ पुढील आकारणी अमुक तारखेला किंवा नूतनीकरण अमुक तारखेला असे सांगत असते. रद्द झाल्यावर तिथल्या क्रियापदाचा अर्थ बदलतो, आणि आता सदस्यत्व अमुक तारखेला संपेल किंवा तोपर्यंत लाभ मिळत राहतील असे लिहिलेले दिसते. ॲपलच्या यादीत हाच बदल Renews ऐवजी Expires या शब्दातून दिसतो. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, तारीख तीच राहते. जी तारीख आधी पैसे कापले जाण्याची होती, तीच आता सदस्यत्व संपण्याची होते, आणि तारीख बदललेली नाही हे पाहून लोक घाबरतात. तारीख पाहू नका, शब्द पाहा. त्या शब्दासह पूर्ण पडद्याचे चित्र काढून ठेवावे, त्यात तारीख आणि खात्याचे नाव दिसेल याची काळजी घ्यावी, आणि रद्द झाल्याची ईमेल येते ती पुसू नये. पुढे वाद झालाच, तर या दोन गोष्टी पुरेशा ठरतात.

बहुतेक मंचांवर रद्द केल्यानंतरही भरलेला महिना संपेपर्यंत सदस्यांसाठीचा मजकूर पाहता येतो. म्हणून आपले पान अजून उघडते आहे, याचा अर्थ रद्द झाले नाही असा होत नाही. लवकर रद्द केल्याने भरलेले दिवस वाया जातात, ही भीतीही त्यामुळे बव्हंशी अनाठायी आहे, आणि शेवटच्या दिवसापर्यंत वाट पाहण्याचे कारण उरत नाही. अपवाद असलेच तर ते रद्द करण्याच्या शेवटच्या पानावर स्पष्ट लिहिलेले असतात, आणि तिथे सदस्यत्व आत्ताच संपेल असे शब्द असतील, तर हवा असलेला मजकूर आधी पाहून घ्यावा. पेट्रिऑनवर २०२३ पासून मोफत सदस्यत्वही आहे, त्यामुळे पैसे देणे थांबवल्यानंतरही क्रिएटरच्या ईमेल येत राहू शकतात. त्या ईमेल पैशांशी संबंधित नसतात. त्या नको असतील, तर मोफत सदस्यत्व स्वतंत्रपणे सोडावे लागते.

ज्या उपायांनी पैसे थांबत नाहीत

बटण सापडले नाही म्हणून लोक जे उपाय करतात, त्यांतला सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे फोनवरून ॲप काढून टाकणे. ॲप हा फक्त दरवाजा असतो. वसुलीची परवानगी स्टोअरकडे किंवा मंचाकडे असते, आणि दरवाजा पाडला तरी ती परवानगी शाबूत राहते. मंचावरचे खाते पुसून टाकले, तरी ॲपलमार्गे घेतलेले सदस्यत्व ॲपलकडे स्वतंत्रपणे रद्द करावेच लागते, आणि खाते पुसल्यावर पूर्वीच्या पावत्या पाहण्याची जागाही हातातून जाते. म्हणून आधी रद्द करावे, शेवटचा महिना संपू द्यावा आणि मगच खाते पुसावे, हा क्रम मी प्रत्येकाला सांगते.

दुसरा उपाय कार्ड बदलण्याचा. जुने कार्ड बंद करून नवे घेतले, तर पैसे थांबतील ही समजूत पूर्वी बऱ्याच अंशी खरी होती, पण आता तिच्यावर विसंबता येत नाही. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्ही जाळ्यांमध्ये अशी सेवा आहे की, बँकेने ग्राहकाला नवे कार्ड दिले, तर त्याचा नवा क्रमांक आणि मुदत नियमित वसुली करणाऱ्यांपर्यंत पोहोचवता येते. बँक आणि वसुली करणारा दोघेही त्या सेवेत असतील, तर आपण काहीही न करता जुने सदस्यत्व नव्या कार्डावर सुरू राहते. आणि पैसे खरोखर अडले, तरी ते रद्द झालेले नसते, फक्त नाकारलेले असते. मंचाच्या नोंदीत तो हप्ता थकलेला दिसतो, पुढचे काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न होतात, आणि त्यांतला एखादा प्रयत्न आपण कार्डावर दुसऱ्या कामासाठी पैसे ठेवल्यावर यशस्वी होऊ शकतो. तेव्हा लागणारी तारीख कोणत्याच चक्राशी जुळत नाही, आणि हिशेब आणखी अवघड होतो.

क्रिएटरला संदेश पाठवून आपले सदस्यत्व काढून टाकण्याची विनंती करणे हा तिसरा उपाय. तो सभ्यपणाचा आहे, परंतु क्रिएटर तो संदेश केव्हा वाचेल याचा भरवसा नसतो, आणि ॲपस्टोअर किंवा पेपॅलमार्गे घेतलेली वसुली थांबवणे अनेकदा त्याच्या हातात नसते. क्रिएटरकडे एक गोष्ट मात्र खरोखर असते, ती म्हणजे पैसे परत करण्याची मुभा. चक्र उलटून काही तासांनी रद्द केले गेले आणि नवीन महिन्यातले काहीही पाहिले नसेल, तर तारखा नीट लिहून नम्रपणे परतावा मागावा. मंचाने स्वतः पैसे घेतले असतील, तर ही विनंती क्रिएटरकडे जाते. ॲपलने घेतले असतील, तर ती `reportaproblem.apple.com` इथे करावी लागते, आणि तिथला निर्णय क्रिएटरच्या नव्हे तर ॲपलच्या हातात असतो. बँकेकडे जाऊन व्यवहार नाकारणे हा अगदी शेवटचा मार्ग ठेवावा. वसुली नियमानुसार झाली असेल, तर तो दावा टिकत नाही, आणि एका छोट्या क्रिएटरला त्या वादापायी रकमेव्यतिरिक्त दंडही भरावा लागू शकतो.

मैत्रिणीचा हिशेब

आता सुरुवातीच्या प्रकरणाकडे परत येते, कारण तिचा हिशेब अजून पूर्ण झालेला नाही. तिने १ मेच्या सकाळी रद्द केले, तेव्हा ३० एप्रिलचा हप्ता घेतला जाऊन काही तास झाले होते. तो हप्ता ३० एप्रिलपासून पुढच्या चक्राच्या दिवसापर्यंतचा, म्हणजे ३१ मेपर्यंतचा होता. मे महिन्यात ३१ तारीख आहे, त्यामुळे चक्र पुन्हा आपल्या मूळ दिवसावर आले होते. याचा अर्थ तिचे रद्द करणे वाया गेले नव्हते. त्याने अडवलेला हप्ता ३१ मेचा होता, आणि तो स्टेटमेंटवर दिसला असता तर २ जूनच्या सुमारास दिसला असता. तिला हप्ता वाचवायचा होता तो एप्रिलअखेरचा, आणि त्यासाठी तिला २८ एप्रिलपर्यंत रद्द करायला हवे होते.

आम्ही मंचावरचे तिचे सदस्यत्वाचे पान उघडले. तिथे ३१ मे ही तारीख होती आणि तिच्या आधी सदस्यत्व संपेल असे शब्द होते. पहिल्या पावतीच्या ईमेलवर ३१ जानेवारी हा दिवस स्पष्ट छापलेला होता, फक्त तिने तो कधी वाचला नव्हता. रद्द झाल्याची ईमेल १ मेच्या सकाळची होती. हे सगळे समोर ठेवून तिने क्रिएटरला चार ओळींचा संदेश लिहिला, त्यात दोन्ही तारखा दिल्या आणि परतावा शक्य असल्यास द्यावा, नसल्यास आपण मे महिन्याचे भाग ऐकू, असे कळवले. क्रिएटरने दुसऱ्या दिवशी उत्तर देऊन पैसे परत केले. परताव्याची नोंद तिच्या कार्डावर यायला आठवडा लागला, आणि तीही परत केलेल्या दिवसाची नव्हे तर बँकेने नोंदवलेल्या दिवसाचीच होती.

त्यानंतर तिने कॅलेंडरवर ४ जून या दिवशी एक आठवण लावली. ३१ मेला मागणी झाली असती, तर दोन दिवसांच्या नोंदीचा आणि आणखी दोन दिवसांच्या विलंबाचा काळ धरून ती त्या दिवसापर्यंत दिसली असती. ४ जूनला तिने पक्के झालेले आणि प्रलंबित असे दोन्ही व्यवहार तपासले. त्या नावाची एकही नोंद नव्हती.